मष्णू दोनदा विचारतो

बेळगावातल्या आमच्या वडगावात बहिरा मष्णू म्हणून विचारलंत तर कुणीही घर दाखवेल. मी नागोजी, त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. खरं सांगायचं तर हे नाव गल्लीत रूढ करण्यात माझाही हात होता. मी सांगतोय ती गोष्ट या मार्चमधली. झाशीहून बेळगावला येतानाच्या गाडीत ती घडली आणि तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

आधी मष्णू कसा आहे ते सांगतो. बुटका, रुंद खांद्यांचा, आणि नखांच्या कडांना कायम कसला ना कसला रंग. सूत रंगवण्याच्या कामात तीस वर्षं काढली त्यानं. त्याच्या आधी सहा वर्षं तो माझ्याबरोबर यंत्रमागावर होता. मागाच्या खडखडाटात त्याचं डोकं उठायचं, म्हणून तो रंगाच्या हौदांकडे उघड्यावर गेला. मी मात्र मागावरच राहिलो. चौतीस वर्षं, चार माग एकट्यानं. त्याचा मला अभिमान होता आणि त्याला मी आयुष्यभर पळपुटा म्हणून चिडवलं.

त्याची एक खोड म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. दुकानदारानं काही सांगितलं की हा लगेच, "काय म्हणालासा? उद्या दुकान बंद?" बसच्या कंडक्टरनं काही सांगितलं की, "खानापूरला जात न्हाय म्हणताय व्हय?" समोरचा वैतागायचा, आवाज चढवून पुन्हा सांगायचा. दुसरी खोड म्हणजे बोलायच्या आधी माझ्या गुडघ्यावर टकटक करायची, आणि मी वळून बघेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हॉटेलात शिरला की याला कोपऱ्यातलंच टेबल लागायचं, आणि डोक्यावरचा पंखा बंद. ऐन मे महिन्यात म्हणायचा, वारं लागतंय. मी मनात म्हणायचो, सोबत म्हातारपणाला लागते, तर जशी मिळाली तशी निभवावी. वर लोकांसमोर मोठेपणानं सांगायचो, "त्याला कमी ऐकू येतं, सांभाळून घ्या."

थोरली मुलगी रचना झाशीला असते. जावई फौजेत आहे. तिला मुलगी झाली आणि बारशाला मी, माझी बायको मंगल आणि मष्णू असे तिघं गेलो. मष्णूचं तिथं काय काम, असं तुम्ही विचाराल. रचना त्याच्या खांद्यावर बसून वाढलेली. तिनंच फोनवर त्याला बजावलं होतं, की काका, तुम्ही आला नाही तर पाळण्यात घालणार नाही.

बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मागं उभ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. हसण्याखिदळण्यात आत्यानं नाव मोठ्यानं जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. तेवढ्यात हा मष्णू बायकांच्या घोळक्यात घुसून ओरडला, "काय नाव ठिवलं? कळलं न्हाय. पुन्हा सांगा." आत्या म्हणाली, "अहो काका, दोनदा सांगितलं की." तरी हा हटेना. शेवटी तो तिला मी उभा होतो तिथवर घेऊन आला, तेव्हा तिनं तोंडासमोर येऊन, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "अ-दि-ती." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमचे व्याही हरिभाऊ मोठे सभ्य माणूस. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली आणि म्हणालो, "व्हय, पार बहिरा झालाय. डॉक्टरकडं न्यायला पाहिजे."

हे मष्णूनं ऐकलं. तो हसला आणि जिलबी वाढायला निघून गेला.

मंगल लेकीजवळ दोन महिने राहणार होती, म्हणून परतीला आम्ही दोघंच. गाडी झाशीहून रात्री सुटली. झोपण्याआधीच मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. येत्या रविवारी धाकट्या मुलाच्या, सौरवच्या सोयरिकीची बैठक होती, मुलीकडच्यांच्या घरी, सदलग्याला. घरातल्या एकूण एक बैठकीला मष्णू माझ्या शेजारी बसत आलाय. या वेळी त्याला न्यायचं नाही. घराणं मोठं, माणसं शिकलेली. तिथं हा प्रत्येकाला काय-काय करत बसला तर सौरवचं जुळत आलेलं मोडायचं. गाडीतच त्याला सांगून टाकायचं, म्हणजे घरी गेल्यावर गल्लीत तमाशा नको.

सकाळी भुसावळ मागं गेलं तेव्हा समोरच्या बाकावर एक बाई दिसल्या. रात्री भोपाळला चढल्या होत्या. कल्याणीबाई त्यांचं नाव, बेळगावच्या कॅम्पातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज बारीक, सुतासारखा. मला वाटलं, ह्या बाईंनी पोरांना शिकवलं तरी कसं? हल्ली सगळी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, ही माझी जुनी तक्रार. बाईंची खिडकीकडे पाठ होती आणि मागून ऊन येत होतं. मष्णूनं पाच मिनिटांत त्यांना उठवलं. म्हणाला, "बाई, पाठीला ऊन लागंल. हितं या बाजूला बसा." त्यांना दुसऱ्या टोकाला बसवलं आणि मग उठून वरचा पंखा बंद केला. बाईंनी पदरानं वारा घेत माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला.

मग नेहमीचं सुरू झालं. बाई काही म्हणाल्या की हा पुढं वाकून, "काय म्हणालासा? मुलगा भोपाळला असतोय?" बाई सज्जन. त्यांनी दोनचारदा बघितलं आणि त्याच्याशी मोठ्यानं, हातवारे करून बोलायला लागल्या. "हो, मुलगा! भोपाळला! बँकेत!" मष्णू मान डोलवायचा. शेजारच्या कप्प्यातली माणसं वळून बघत होती. माझे कान तापले.

नगर सोडल्यावर बाई डबा धुवायला गेल्या. ती संधी साधून मी मष्णूला सांगितलं. आडवळणं मला जमत नाहीत. म्हणालो, "रविवारी सदलग्याला तू येऊ नकोस. तुला ऐकू येत न्हाय, आनि तुज्यामुळं चारचौघांत माजी मान खाली जाती. बारशात काय केलंस ते बघितलंच मी."

त्यानं आपली पिशवी पायानं बाकाखाली सरकवली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "बरं. तुला अवघड वाटत असंल तर न्हाय येत." मला वाटलं भांडेल, शिव्या देईल. चाळीस वर्षांत आम्ही भांडलो नाही असा महिना नसेल. पण त्यानं फक्त एवढंच आणखी सांगितलं, "बैठकीत दाराकडं पाठ करून बस. उजेड समोरच्या मान्सांच्या तोंडावर पडूदे. आनि सौरवला समोर बशीव." हे काय खूळ, असं म्हणून मी तोंड फिरवलं. तो उठला आणि वाटेपलीकडच्या एकट्या बाकावर, नगरला रिकाम्या झालेल्या जागेवर, आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसला.

बाई परत आल्या. आता उठवायला मष्णू नव्हता, म्हणून त्या आपल्या पहिल्या ठिकाणी, उन्हाकडे पाठ करून बसल्या. पंखा कुणीतरी परत लावला. त्या माझ्याशी काही बोलल्या. मी हसून मान हलवली. आणखी काही बोलल्या, मी आणखी हसलो. त्यांचा चेहरा जरा गोंधळला. बहुतेक मी होकार द्यायला नको तिथं दिला होता. नंतर त्या पुस्तक काढून वाचत बसल्या आणि मला बरं वाटलं.

दौंड जवळ आलं होतं. चहावाला मष्णूच्या पाठीमागून आला. त्याचे ओठ हलले. मष्णूनं खिडकीबाहेरून नजर न हटवता हात मागं करून दोन बोटं वर केली. चहावाल्यानं दोन चहा ओतले. एक मष्णूनं माझ्याकडे पाठवला.

चहा हातात धरून मी बघतच राहिलो. पाठीमागून माणूस बोलला आणि बहिऱ्याला कळलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा इतकी वर्षं सोंग करतोय. खात्री करावी म्हणून मी अगदी हळू, स्वतःशी पुटपुटल्यासारखं म्हणालो, "मष्ण्या." तो लगेच वळला. मी काही नाही म्हणून हात हलवला. आता याला सगळ्यांदेखत जाब विचारायचा म्हणून मी चहाचा पेला खाली ठेवत होतो, तेवढ्यात तोच पलीकडून माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "नाग्या, तुजा फोन वाजतोय."

माझा फोन माझ्याच मांडीशेजारच्या पिशवीत होता. मला कसलाच आवाज नव्हता. मी म्हणालो, कुठं वाजतोय? त्यानं नुसतं पिशवीकडे बोट केलं. फोन बाहेर काढला तर पडद्यावर रचनाचं नाव लखलखत होतं, आणि त्याच्या खाली लिहिलं होतं की तिचे तीन फोन आधीच येऊन गेलेत. फोन माझ्या हातात वाजत होता. बाईंनी पुस्तकातून मान वर केली, त्यांना ऐकू येत होता. वाटेपलीकडच्या मष्णूला ऐकू येत होता. मी तो कानाशी नेला तेव्हा कुठं दूरवर रातकिडा ओरडावा तसं काही लागलं, तेही लागलं की मला वाटलं, कोण जाणे.

फोन बंद झाला. मी तो उचललाच नाही. 

मागावरचा माणूस हुशार असतो बरं का. सूत कुठं तुटलं ते शोधायला त्याला वेळ लागत नाही. मी बाईंना म्हटलं, बाई, मला जरा वाचून दाखवता का, माझा चष्मा नाही. चष्मा खिशात होता. त्या वाचायला लागल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला, पण मागून ऊन, चेहरा काळा. काहीच लागेना. त्यांना मी दुसऱ्या टोकाला बसा म्हणालो, जिथं सकाळी मष्णूनं बसवलं होतं तिथं. आता ओठ दिसले आणि त्यासरशी शब्द लागायला लागले. मग मी डोळे मिटले. शब्द गेले. आवाज होता, पण नुसता गुणगुणता, जड जड. भिंतीपलीकडं कुणी बोलत असावं तसा. ओळ कुठं सुरू झाली, कुठं संपली, पत्ता नाही. डोळे उघडले की शब्द परत यायचे. मी चार वेळा उघडले, चार वेळा मिटले. बाईंना काय वाटलं असेल देव जाणे.

मी कानांनी ऐकतच नव्हतो. डोळ्यांनी ऐकत होतो.

हे मागावर आम्ही सगळेच करायचो. शेडमध्ये चाळीस माग एकदम चालू असतात, सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, तिथं तोफ उडाली तरी कळायचं नाही. म्हणून आम्ही एकमेकांच्या ओठांवरचं वाचायचो. बोलायच्या आधी खांद्याला हात लावायचा, माणूस वळला की तोंड पूर्ण उघडून सावकाश बोलायचं, आवाज नाही काढला तरी चालायचं. नवा माणूस आला की ओरडायचा आणि आम्ही हसायचो, की ओरडून तोंड वाकडं होतं, ओठ वाचता येत नाहीत. शेडमधून बाहेर पडलं की ही रीत आपण दारातच ठेवून येतो, असं मला वाटायचं. मी ती कधी बाहेर घेऊन आलो, ते माझं मलाच कळलं नव्हतं. मष्णूला मात्र कळलं होतं.

गुडघ्यावरची टकटक ही ती खांद्यावरची खूण होती. कोपऱ्यातलं टेबल घेतलं की पाठीमागचा गोंगाट कमी होतो. पंखा बंद केला की त्याची घरघर समोरच्याच्या आवाजावर चढत नाही. बाईंना त्यानं उठवलं ते उन्हासाठी नव्हतंच, त्यांचा चेहरा उजेडात यावा म्हणून होतं. आणि ते दोनदा विचारणं! दुकानदार खाली बघून, वळून, पुटपुटत बोलायचा, ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही. मग मष्णू तेच वाक्य माझ्याकडे तोंड करून, प्रश्न केल्यासारखं, स्वच्छ परत म्हणायचा. "उद्या दुकान बंद?" मला वाटायचं मी दुकानदाराचं ऐकलं. मी ऐकलेलं असायचं ते मष्णूचं.

माझ्या नातीचं नाव मी बारशात ऐकलंच नव्हतं. टाळ्या मात्र पिटल्या होत्या. तो घोळक्यात घुसला, त्यानं आत्याला माझ्या समोर आणलं, तिच्याकडून एकेक अक्षर सुटं करून घेतलं, आणि सगळ्या बायका त्याला हसल्या. मी माझ्या व्याह्यांना सांगितलं की तो पार बहिरा झालाय.

मग मिशी आठवली आणि मला खरोखर रडू कोसळायचं बाकी राहिलं. चार वर्षांपूर्वीपर्यंत मष्णूला झुपकेदार मिशी होती, वरचा ओठ पूर्ण झाकणारी. त्याच्या बायकोनं, अंबुबाईनं, लग्नात ती बघूनच होकार दिला होता म्हणतात. एके दिवशी तो तुळतुळीत होऊन आला. घरात कोण गेलं, असं लोकांनी विचारलं. मिशीत रंग अडकतो, असं उत्तर त्यानं दिलं. त्याआधी इतकी वर्षं अडकला नव्हता तो.

मी उठून त्याच्यासमोर जाऊन बसलो.  विचारलं, "मिशी कशापायी काढलीस रं?"

तो चपापला. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून त्यानं अंदाज घेतला आणि त्याला कळलं की मला कळलंय. मग त्यानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी विणकरांसाठी कान तपासायचं शिबिर लागलं होतं. ते मला आठवत होतं. बंद खोलीत बसवून कानावर डबडी लावली, बारीक पीक-पीक ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. मला फारसं काही ऐकू आलं नाही, म्हणून मशीन बिघडलंय असं सांगून मी बाहेर आलो. डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला, त्यावर एक रेघ होती, डावीकडे सरळ आणि उजवीकडे विहिरीच्या पायऱ्यांसारखी खाली उतरलेली. आम्हाला म्हातारे ठरवायला आलेत, असं म्हणून मी तो कागद तिथंच फाडला होता.

मी तणतणत चहा प्यायला गेलो आणि मष्णू मागं थांबला. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं समजावलं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, तिच्यात केसांहून बारीक तंतू असतात. रोज आठ-दहा तास तसल्या आवाजात राहिलं की ते मरतात, आणि एकदा मेले की परत उगवत नाहीत. बारीक आवाजांचे तंतू आधी जातात, जाड आवाजांचे राहतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. बायकांचे, पोरांचे आवाज आधी हरवतात. औषध नाही, मात्र कानात घालायचं मशीन मिळतं, आणि ते लवकर लावलं तर बरं, कारण न ऐकलेले आवाज डोकंही विसरत जातं. तोवर घरच्यांनी काय करायचं, तेही त्यांनी सांगितलं. ओरडू नका. हात लावून लक्ष वेधा. उजेडात, समोरून बोला. नाही कळलं तर तेच वाक्य न रेटता दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि मष्णूच्या मिशीकडे बघून हसून म्हणाल्या, की ओठ झाकलेले असले तर त्यांना फार जड जाईल.

"मग मला का सांगितलं न्हाईस?" मी म्हणालो.

"तीनदा सांगितलं. तिन्ही बारीला तू आठ-आठ दिस बोलायचा बंद झालास." हे खरं होतं. तो मला म्हातारा म्हणतोय असं वाटून मी रुसलो होतो.

मग तो म्हणाला, "तुजा बा कसा गेला ते मी बघितलंय, नाग्या."

माझा बाप हातमागावर आणि मग यंत्रमागावर राबला. शेवटची दहा वर्षं तो ठार बहिरा होता. ओसरीच्या कोपऱ्यात बसायचा. पोरं त्याच्या मागं जाऊन टाळ्या वाजवायची आणि तो वळला नाही की हसायची. लोक त्याच्या कानाशी येऊन बोंबलायचे. मग त्यानं माणसांत यायचंच सोडलं. मला त्याची लाज वाटायची, हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. त्याला कुणाच्या लग्नाला न्यायची वेळ आली की मी काहीतरी सबब काढायचो. आणि तेच मी तासाभरापूर्वी मष्णूच्या बाबतीत केलं होतं.

"तुला कुनी बहिरा म्हटलं असतं," मष्णू म्हणाला, "तर तूबी कोपरा धरला असतास. मला म्हनतात तर म्हनूदेत. मला ऐकू येतंय, त्यामुळं मला लागत न्हाय."

मी त्याचा हात धरला. निळ्या कडांच्या नखांचा तो हात माझ्या हातात होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वेगळ्याच कारणानं. तो म्हणाला की त्याचंच चुकलं. त्यानं माझं कुठं अडू दिलं नाही, म्हणून मला मशीनची गरज वाटली नाही. चार वर्षं वाया गेली. रचना फोनवर अंबुबाईजवळ रडली होती, की बाबा माझ्याशी दोन मिनिटंसुद्धा बोलत नाहीत, लगेच फोन काकांकडे देतात. मला वाटायचं मला फोनचा कंटाळा आहे. फोनवर ओठ दिसत नाहीत, एवढंच त्याचं कारण होतं.

पुणं आलं आणि गाडीत गर्दी झाली. कऱ्हाडला जाणारं एक कुटुंब आमच्या कप्प्यात चढलं, नवरा-बायको आणि एक म्हातारे गृहस्थ. आम्ही दोघं परत आमच्या बाकावर आलो. सामान लावता लावता त्या गृहस्थांनी मष्णूला काही विचारलं. तो उत्तर द्यायच्या आतच कल्याणीबाई मदतीला धावल्या. त्यांचं मन चांगलंच, म्हणून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा बरोबर उजेडात होता. "यांच्याशी जरा मोठ्यानं बोला हं. यांना ऐकू येत नाही."

मष्णूनं सवयीनं हसून मान डोलवली. चार वर्षं तो अशीच डोलवत आला होता.

मी उभा राहिलो. बापाचा कोपरा डोळ्यांसमोर आला, बारशातल्या बायकांचे पदर आले. 

"बाई," मी म्हणालो, "तो बहिरा न्हाय. बहिरा मी हाय. चार वरसं झाली. तो माज्यासाठी बहिरा झालाय. माज्याशी बोलताना ओरडू नका, नुसतं माज्याकडं तोंड करून बोला."

आवाज बहुतेक फार चढला होता, कारण पलीकडच्या कप्प्यातूनही माना वर आल्या. माझा आवाज मला नीट कळत नाही, हेही मला त्याच दिवशी समजलं. मष्णूनं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि पंच्यानं नाक पुसत राहिला.

कऱ्हाडच्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. त्यांना दाढी होती, मला काही लागलं नाही. सवयीनं मी मष्णूकडे बघितलं. त्यानं तोंड उघडलं, आणि मग ओठ घट्ट मिटून घेतले. फार जड गेलं असणार त्याला.

"पुन्हा एकदा सांगा," मी त्यांना म्हणालो. "मला कळलं न्हाय."

त्यांनी सांगितलं. तरीही नाही लागलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी बोटानं दाखवलं. बाकाखालची पिशवी आमची का, एवढंच विचारत होते बिचारे.

गाडी सुटली. मी मष्णूच्या गुडघ्यावर टकटक केलं. तो वळला. मी म्हणालो, "सोमवारी मशीनवाल्याकडं जायाचं. पन त्याच्या आदल्या दिवशी सदलग्याला तू यायचं हाईस. माज्या शेजारी बसायचं आनि तोंडातनं अवाक्षर काढायचं न्हाय. विचारायचं ते मी विचारीन."

"काय म्हणालास?" मष्णू म्हणाला.

त्याला पहिल्यांदाच कळलं होतं. पण मी ते सगळं पुन्हा एकदा, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं.